बोटं सुजली खरी, पण सुरुवात फुफ्फुसात झाली होती

मी ठाण्यात एका संधिवाताच्या क्लिनिकमध्ये फिजिओ आहे, दिवसभर लोकांचे हात हातात घेऊन बसायचं हेच काम. परवा एका ताईंनी विचारलं की ह्यांना सिगारेट सोडा म्हणून डॉक्टर सारखं का सांगतात, हे काय फुफ्फुसाचे पेशंट आहेत का, ह्यांची तर बोटं दुखतात. प्रश्न एकदम बरोबर आहे आणि दोन मिनिटांत त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहिलंय.

एका काकांची गोष्ट सांगते, ओळख कळू नये म्हणून थोडं बदललंय. वय ५२, राहायला कळव्याला, रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर. दीड वर्षापूर्वी सकाळी उठल्यावर बोटं आखडायला लागली. आधी वाटलं शिफ्टमुळे असेल, मग वाटलं एसीमुळे, मग कोणीतरी सांगितलं युरिक अॅसिड असेल म्हणून डाळी बंद केल्या. चार-पाच महिने असेच गेले. क्लिनिकमध्ये आले तेव्हा दोन्ही हातांची मधली बोटं फुगलेली, मूठ वळत नव्हती, शर्टाचं वरचं बटण बायको लावून द्यायची आणि हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. सकाळचा आखडलेपणा जायला दीड तास लागायचा. ही झीज नाही. झिजेत आखडतं पण दहा-पंधरा मिनिटांत हात मोकळा होतो, आणि झीज जास्त करून बोटांच्या टोकाच्या सांध्यात दिसते, आमवात म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत आरए तळहाताजवळच्या आणि बोटाच्या मधल्या सांध्यांना धरतो, तेही दोन्ही हातांना. रिपोर्ट आले, अंगातली सूज किती ते सांगणारा ईएसआर ६२, आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, आणि अँटी सीसीपी चांगलंच वाढलेलं.

हे अँटी सीसीपी नीट समजून घ्या कारण सिगारेटचा धागा इथेच जोडला जातो.

आपलं शरीर प्रोटीनचं बनलेलं आहे आणि प्रोटीन म्हणजे मण्यांची माळ, प्रत्येक मणी एक अमिनो अॅसिड. त्यातला एक मणी असतो आर्जिनिन. शरीरात पीएडी नावाचं एक एन्झाइम आहे, ते या आर्जिनिनला बदलून सिट्रुलिन करतं. बदल इतकुसा, पण आर्जिनिनवर विजेचा धन भार असतो आणि सिट्रुलिनवर नसतो, त्यामुळे त्या जागी माळेची घडीच वेगळी पडते. हे आपल्या सगळ्यांच्या शरीरात थोडंफार चालूच असतं, विशेषतः जिथे सूज असते आणि पेशी मरत असतात तिथे, आणि एरवी त्याने काही बिघडत नाही.

आता धूर आत गेला की काय होतं बघा. फुफ्फुसाच्या बारीक फुग्यांमध्ये सफाई करणाऱ्या पेशी असतात, त्या धुराचे कण गिळतात, चिडतात, काही फुटून मरतात, आणि त्यांच्यातलं पीएडी बाहेर सांडतं. रोज थोडं थोडं, वर्षानुवर्षं. स्वीडनमधल्या संशोधकांनी लोकांच्या फुफ्फुसात सलाईन सोडून ते परत ओढून त्यातल्या पेशी तपासल्या तर सिगारेट ओढणाऱ्यांच्या पेशींमध्ये हे सिट्रुलिनवालं प्रोटीन सापडलं. म्हणजे आपलीच प्रोटीनं, पण चेहरा जरा बदललेला.

रोगप्रतिकारशक्ती कशी चालते, तर चेहरा ओळखून. सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो तसं. रोजचा माणूस एक दिवस दाढी काढून आला तर बरेचसे वॉचमन ओळखतात आणि सोडतात, पण एखादा अडवतो. काही लोकांच्या पेशींवर एचएलए डीआरबी१ या जीनचे असे प्रकार असतात ज्यांच्या खोबणीत सिट्रुलिनवाला तुकडा अगदी फिट्ट बसतो, आणि मग तो तुकडा प्रतिकारशक्तीपुढे सारखा सारखा धरला जातो, हा बघ परका, हा बघ परका. शेवटी शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. तीच अँटी सीसीपी टेस्टमध्ये मोजली जाते.

२००६ मध्ये त्याच स्वीडिश टीमने हे आकड्यात मांडलं. ज्यांच्याकडे आईवडील दोघांकडूनही तो जीनचा प्रकार आला होता आणि जे सिगारेट ओढत होते, त्यांना अँटी सीसीपीवाला आमवात होण्याचा धोका, ना जीन ना सिगारेट अशा लोकांच्या तुलनेत २१ पट निघाला. आकडा मोठा आहे म्हणून घाबरून जाऊ नका, मूळ आजारच शंभरात एकालासुद्धा पूर्ण येत नाही, त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्या बहुतेकांना आमवात कधीच होत नाही. पण जीन आणि धूर हे एकमेकांत नुसते मिळवले जात नाहीत, ते एकमेकांना फुगवतात, हे त्यातून दिसतं. दगडाच्या बारीक धुळीचंही असंच, सिलिकाची धूळ आणि सिगारेट दोन्ही असेल तर धोका आणखी चढतो, त्यामुळे कोणी दगडखाणीत किंवा क्रशरवर काम केलेलं असेल तर मी ते मुद्दाम विचारते.

आणि हे सगळं सांधा दुखायच्या आधी होऊन बसलेलं असतं. रक्तदात्यांचे जुने साठवलेले नमुने काढून तपासले तेव्हा ज्यांना पुढे आमवात झाला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या रक्तात या अँटीबॉडी आजार दिसायच्या काही वर्षं आधीच होत्या, कुणाकुणात तर दहा वर्षांहून आधी. काका रबाळ्याला उतरून टपरीवर उभे राहत होते तेव्हाच कधीतरी हे सुरू झालं असणार, बोटं तेव्हा ठणठणीत होती. मग अँटीबॉडी फुफ्फुसातून सांध्यात आजार कसा काय करते, हा दुवा अजून पूर्ण सुटलेला नाही. मधे आणखी एखादा धक्का लागत असावा असं मानतात.

आता एक गोष्ट आधी सांगते कारण ती सांगितली नाही तर अन्याय होतो. आमवाताच्या पेशंटमध्ये बायका पुरुषांच्या दोन-तीन पट असतात, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांनी आयुष्यात सिगारेट हातात धरलेली नाही. त्यांचा आजार इतर वाटांनी आलेला आहे. तेव्हा कोणाला आमवात झाला म्हणजे त्याने काहीतरी केलंच असेल असं अजिबात नाही.

काकांना पहिल्या दिवशी विचारलं किती ओढता, तर म्हणाले, “जास्त नाही मॅडम, एक पाकीट.” इथे हमखास गफलत होते. डॉक्टर लोक हिशोब करतात पॅक-इयरमध्ये, रोजची पाकिटं गुणिले वर्षं, आणि त्यात पाकीट २० चं धरतात. आपल्याकडे टपरीवर जास्त चालतं ते १० चं पाकीट किंवा सुट्या सिगारेटी. म्हणून मी पाकीट विचारतच नाही, दिवस विचारते. उठल्यावर? संडासला जायच्या आधी एक. स्टेशनवर उतरल्यावर? एक. दहाच्या चहाला? एक, कधी दोन. असं करत करत जेवणानंतर, चारचा चहा, शिफ्ट सुटल्यावर, रात्री बिल्डिंगखाली, बोटं मोजत गेलो तर १० झाल्या. २८ वर्षं. म्हणजे अर्धं पाकीट गुणिले २८, १४ पॅक-इयर.

वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिलेलं आहे, १ ते १० पॅक-इयरवाल्यांना न ओढणाऱ्यांपेक्षा धोका साधारण पाव पटीने जास्त, आणि २० च्या वर गेलं की जवळपास दुप्पट. त्यानंतर मात्र फारसा वाढत नाही. म्हणजे काका मधल्या पट्ट्यात. “मी कमी ओढतो” याला इथे फार अर्थ उरत नाही, कारण थोडी पण वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांचाही धोका वर गेलेला दिसतो.

उपचार सुरू झाले. मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा १५ मिलिग्रॅम, जोडीला फॉलिक अॅसिड. (आठवड्यातून एकदा, रोज नाही, हे मी प्रत्येकाला दोनदा म्हणायला लावते, ही गोळी चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं.) ही गोळी पेनकिलर नाही, तिचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे जातात. मधल्या काळासाठी थोडं स्टिरॉइड.

परिणाम मोजायची एक पद्धत आहे, डीएएस२८. दोन्ही हातांचे, मनगटांचे, कोपरांचे, खांद्यांचे आणि गुडघ्यांचे मिळून २८ सांधे एकेक करून दाबून बघायचे, किती दुखतात आणि किती सुजलेत ते मोजायचं, ईएसआर घ्यायचा, आणि पेशंटने शून्य ते शंभरच्या पट्टीवर स्वतःला कसं वाटतंय ती खूण करायची. यातून एक आकडा निघतो. ५.१ च्या वर म्हणजे आजार जोरात, ३.२ च्या खाली म्हणजे आटोक्यात, २.६ च्या खाली म्हणजे जवळजवळ शांत. काकांचे पहिल्या दिवशी १० सांधे दुखत होते, ८ सुजलेले, आकडा ६.४.

तीन महिन्यांनी ६ दुखत होते, ४ सुजलेले, ईएसआर ४४, आकडा ५.३. काका खूश होते, बटण लागत नव्हतं पण चहाचा कप उचलता येत होता. डॉक्टर खूश नव्हते. नियम असा की चांगला प्रतिसाद म्हणायचा तर आकडा १.२ पेक्षा जास्त उतरायला हवा आणि ३.२ पर्यंत यायला हवा. इथे १.१ ने उतरला आणि आजार अजूनही जोरातच्या खान्यात. कागदावर याला प्रतिसाद नाही असंच म्हणतात. गोळ्या वेळेवर घेत होते का, हो, बायको डबीत भरून ठेवायची. सिगारेट? “कमी केलीये.” सात.

स्वीडनमध्ये नव्याने आमवात झालेल्यांचा नेमका हाच प्रश्न तपासला होता, २०११ मध्ये छापून आलं. मेथोट्रेक्सेट सुरू करून तीन महिन्यांनी, कधीच न ओढणाऱ्यांपैकी ३६ टक्क्यांना चांगला प्रतिसाद मिळाला होता, ओढणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. मेथोट्रेक्सेटने भागलं नाही की पुढची पायरी बायोलॉजिकल इंजेक्शनं, टीएनएफ नावाचा सूज वाढवणारा निरोप रोखणारी, महागडी, तिथे फरक आणखी मोठा, ४३ विरुद्ध २९. लोक सोनं गहाण टाकून ही इंजेक्शनं घेतात हो. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली जी मी प्रत्येक पेशंटला सांगते, ज्यांनी आधीच सोडली होती त्यांचा प्रतिसाद कधीच न ओढणाऱ्यांसारखाच होता. फरक पडत होता तो औषध सुरू असताना ओढत राहणाऱ्यांना.

असं का होतं? साधं बघितलं तर औषध एका बाजूने सूज उतरवतंय आणि धूर दुसऱ्या बाजूने रोज पुन्हा तीच सूज पेटवतोय, टीएनएफसारखे सूज वाढवणारे निरोप धुरामुळे जास्त सुटतात. पण औषधाचा जोर नेमका कुठे कमी पडतो हे पेशीपर्यंत जाऊन कोणी पक्कं दाखवलेलं नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आमवाताच्या पेशंटना सिगारेट सोडायला लावून आजाराचा आकडा किती उतरतो हे तपासणारे प्रयोग झालेत ते अगदी छोटे, त्यातून ठाम काही निघत नाही. तरी आमच्या भागात मला एक कारण पुरेसं वाटतं, ते म्हणजे टीबी. टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनने दबून राहिलेला टीबी उठू शकतो म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची टेस्ट करतातच, आणि सिगारेटमुळे टीबीचा धोका मुळातच वाढलेला असतो. शिवाय आमवात स्वतःही फुफ्फुसात जाळं धरू शकतो आणि हृदयविकाराचा धोका वाढवतो, आणि या दोन्ही ठिकाणी सिगारेट आधीच जाऊन बसलेली असते. काकांना खोकला होता. त्यांना वाटायचं सिगारेटचा आहे, पण मेथोट्रेक्सेटवर असलेल्या माणसाचा नवा कोरडा खोकला किंवा दम लागणं असं वाटून घेऊन सोडून द्यायचं नसतं, लगेच दाखवायचं, कारण क्वचित ही गोळीही फुफ्फुसाला त्रास देते. सिगारेट ओढणाऱ्यात हे ओळखायला उशीर होतो कारण खोकला त्याच्या सवयीचाच असतो.

काकांनी मग मला एक गोष्ट सांगितली जी मला आधी सुचली नव्हती. म्हणाले, “मॅडम, दुखायला लागलं की तीच एक पाच मिनिटं असतात जेव्हा मला बोटं आठवत नाहीत.” आमवाताच्या पेशंटना सोडणं का जड जातं यावर झालेल्या कामातही हे कारण येतं, दुखण्यावरून लक्ष हटतं. आणि दुसरं म्हणजे इतर लोक चालायला जातात, जिमला जातात, यांचे पाय सुजलेले, हे काय करणार. तेव्हा “मन घट्ट करा” म्हणून भागत नाही. आम्ही आधी डॉक्टरांना सांगून दुखणं जास्त आवरलं, स्टिरॉइड थोडे दिवस पुढे नेलं, मेथोट्रेक्सेट २० वर गेली, आणि मी त्यांना चारच्या चहाच्या वेळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हलवायचा व्यायाम दिला, पाच मिनिटंच, सिगारेटच्या जागी बसेल इतका.

निकोटिनची गम सुरू केली. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागते अशांना ४ मिलिग्रॅमची, बाकीच्यांना २ ची. काका ती च्युइंगगमसारखी कचाकचा चावत होते आणि म्हणत होते पोटात जळजळतं. तशी चावायची नसते, दोन-चार वेळा चावून तिखट लागली की गालात दाबून ठेवायची, चव गेली की परत थोडी. ज्यांचा जबड्याचा सांधा आमवाताने धरलाय त्यांना पॅच बरा. पाकिटावर सरकारी हेल्पलाइनचा नंबर असतो, १८००-११२-३५६, फुकट आहे, काकांच्या मुलाने लावून दिला.

इथे लोक विचारतात की निकोटिन चालतं मग तंबाखू मळली तर काय हरकत, धूर तर नाही. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायची ओली तंबाखू असते, ती वापरणाऱ्यांमध्ये आमवात वाढलेला दिसला नाही, म्हणजे दोष निकोटिनपेक्षा धुराचा असावा, आणि म्हणूनच गमची भीती बाळगायची गरज नाही. पण ती तंबाखू आणि आपली चुना लावलेली तंबाखू, गुटखा, मिश्री एक नव्हे. तोंडाच्या कॅन्सरचं तर सोडाच, हिरड्या खराब झाल्या की तिथे एक जंतू वाढतो, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, त्याच्याकडे स्वतःचं पीएडी असतं. तोच आर्जिनिनचा सिट्रुलिन करायचा उद्योग, फक्त फुफ्फुसाऐवजी तोंडात. म्हणून आमच्याकडे दात दाखवून या असंही सांगतात आणि लोकांना ते विचित्र वाटतं.

काकांनी दोन वेळा सोडून परत धरली, एकदा गणपतीत गावी गेले तेव्हा. तिसऱ्या खेपेला टिकली. सोडून साडेतीन महिने झाले तेव्हा मोजलं, एक सांधा दुखरा, एक सुजलेला, ईएसआर १८, आकडा ३.१. यात वाढवलेल्या गोळीचा वाटा किती आणि सिगारेट सोडल्याचा किती हे एका माणसावरून कोणी सांगू शकत नाही, मी पण सांगत नाही. काकांनी विचारलं आता अँटी सीसीपी निगेटिव्ह झालं असेल ना, परत करू का टेस्ट. तसं होत नाही. ती अँटीबॉडी बहुतेकांमध्ये राहतेच, पुन्हा पुन्हा टेस्ट करण्यात पैसे जातात.

परवा त्यांचा मुलगा सोबत आला होता, २६ चा, ऐरोलीला आयटीत आहे, तोही ओढतो. बाहेर थांबून हळूच विचारलं, मला टेस्ट करायला हवी का. मी म्हटलं, आत्ता काही दुखत नसेल तर टेस्टची घाई नको, पॉझिटिव्ह आली तरी तेवढ्यावर कोणी तुला औषध सुरू करणार नाही. जीन बाबांकडून आला असेल तर आला असेल, तो बदलता येत नाही, दुसरा अर्धा भाग मात्र खिशात आहे तुझ्या. अमेरिकेतल्या नर्सेसवर वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासात सोडल्यानंतर साधारण पाच वर्षांनी हा धोका उतरायला लागलेला दिसला आणि पुढे तीस वर्षांपर्यंत उतरतच गेला, म्हणजे आज सोडली तर फायदा बाबांच्या वयाला पोचेपर्यंत मिळत राहील. आणि लक्ष ठेवायचं ते एवढंच, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणं, किंवा कोणी हात मिळवताना पंजा आडवा दाबला की बोटांच्या मुळाशी कळ येणं, सहा आठवडे टिकलं तर सरळ संधिवाताच्या डॉक्टरकडे, युरिक अॅसिड आणि डाळीत महिने घालवायचे नाहीत. त्याने तिथेच उभ्या उभ्या स्वतःचा डावा पंजा उजव्या हाताने दाबून बघितला, मग दुसरा.